‘जवळचा दवाखाना’ म्हणजे नेमका कुठला?

पुण्यातल्या मांजरी फार्मच्या बसस्टॉपवर उभं राहून फोनवर ‘जवळचा दवाखाना’ असं शोधून पाहा. वर नकाशा येतो आणि खाली तीन नावं. आता रिक्षा करून गोपाळपट्टीला या आणि तेच शब्द पुन्हा टाका. तिन्हींपैकी एखादं नाव गळालेलं असतं, नवीन एक आलेलं असतं. रेल्वे लाईन ओलांडून मांजरी बुद्रुकच्या गावठाणात गेलात, की कदाचित तिन्ही नावं बदललेली दिसतील. शब्द तेच, फोन तोच, मधे फार तर दोन-तीन किलोमीटरचं अंतर. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा फोन बिघडला असं वाटून परत मागे जाऊन पाहिलं होतं. फोन ठीक होता. प्रत्येक चौकातून दिसणारी मांजरीच वेगळी असते.

याचा अर्थ असा, की ‘मांजरीत पहिला नंबर’ अशी जागाच अस्तित्वात नाही. कुणी एखाद्या डॉक्टरांना तो मिळवून देतो असं सांगत असेल, तर कुठे उभं राहून पहिला, हा प्रश्न आधी विचारावा. दवाखान्याची ओळख एका वर्तुळात उजळते आणि दूर जाता जाता मंद होत जाते, रस्त्यावरच्या दिव्यासारखी. चार-पाच किलोमीटरवर ती बहुधा दिसतही नाही, कारण मधे दुसऱ्यांचे दिवे असतात.

ही यादी कशी ठरते, याचे तीन निकष गूगल स्वतः उघडपणे सांगतं. शोधलेल्या शब्दांशी दवाखाना किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती दूर आहे, आणि लोकांमध्ये तो किती माहितीचा आहे. अंतर डॉक्टरांच्या हातात नाही. गाळा जिथे आहे तिथे आहे. लोकांमधली ओळख वर्षानुवर्षं, एकेका पेशंटच्या अभिप्रायाने वाढते. जुळणीचा मोठा भाग ठरतो तो निवडलेल्या वर्गावरून. गूगलवरच्या ओळखपानात, म्हणजे बिझनेस प्रोफाइलमध्ये, एक मुख्य वर्ग असतो आणि त्याखाली आणखी नऊ जोडता येतात. लहान मुलांच्या डॉक्टरांनी मुख्य वर्ग `Pediatrician` न ठेवता नुसता `Medical clinic` ठेवला, तर मुलांचा डॉक्टर शोधणाऱ्या आईपर्यंत पोचण्याची त्यांची शक्यता कमी होते. हे एकदा नीट बसवायचं काम आहे, पाच मिनिटांचं.

मग वर्णन आणि पोस्ट कशासाठी लिहायच्या? मला या विषयाची ओढ लागली ती इथेच. या क्षेत्रात रोज काम करणाऱ्यांचा अनुभव असा, की वर्णनात शब्द कोंबल्याने दवाखाना यादीत वर चढत नाही. तिथे ‘मांजरीतला सर्वोत्तम दवाखाना’ दहा वेळा लिहिलं तरी यंत्राला फरक पडत नाही. वर्णनाचं काम तीन नावं दिसल्यानंतर सुरू होतं. तापलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन एक आई तीन नावांवरून अंगठा फिरवत असते, तिला काही सेकंदांत ठरवायचं असतं. यादीत आणण्याचं काम यंत्र करतं. तिन्हींतून एक निवडण्याचं काम माणूस करतो, आणि माणसाला वाक्यं लागतात.

तिला काय कळायला हवं, हे मांजरीचा नकाशा पाहिला की लगेच समजतं. मुळा-मुठेच्या अलीकडे मांजरी बुद्रुक, पलीकडे मांजरी खुर्द. जून 2021मध्ये पुणे महापालिकेत तेवीस गावं आली, त्यांत मांजरी बुद्रुक होतं. नदीपलीकडचं खुर्द त्या यादीत नव्हतं. बुद्रुकच्या हद्दीतून पुणे-दौंड रेल्वे लाईन जाते, आणि दक्षिणेला सोलापूर रस्ता. फोनवर दोन ठिपके अगदी शेजारी दिसतात, पण त्यांच्यामध्ये कधी नदी असते, कधी रुळ. ठिपका जवळ आणि वाट लांब, असं इथे पदोपदी होतं. नुसतं ‘मांजरी’ लिहिलेल्या दवाखान्याबद्दल आईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो लाईनच्या अलीकडे की पलीकडे. रिक्षावालाही तेच विचारतो. म्हणून वर्णनाचं पहिलं वाक्य जागेचं असावं, आणि जागा स्थानिक माणूस सांगतो तशी सांगावी.

आता वर्णनाची मर्यादा. गूगल 750 चिन्हं देतं. मराठीत ही 750 अक्षरं नव्हेत, आणि का नव्हेत हे पाहण्यासारखं आहे. संगणक मराठी शब्द आपल्यासारखा अक्षरांनी मोजत नाही. मूळ व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, हे सगळं तो सुटं सुटं मोजतो. ‘मांजरी’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात; संगणकाला ती सहा चिन्हं आहेत: म, काना, अनुस्वार, ज, र, दीर्घ वेलांटी. ‘स्त्री’ हे आपलं एक अक्षर. त्याच्या हिशोबात तीही सहा चिन्हं. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा मोजली जाते. त्यामुळे साडेसातशे चिन्हांत मराठीचे साधारण शंभर शब्द मावतात. शंभर शब्दांत दवाखाना सांगायचा. त्यात ‘अत्याधुनिक’, ‘रुग्णसेवेस तत्पर’, ‘अनुभवी व तज्ज्ञ’ यांना जागा देणं परवडत नाही, कारण ते तिन्ही दवाखान्यांनी लिहिलेलं असतं. तिन्हींना सारखं लागू पडणारं वाक्य निवडीला मदत करत नाही.

एक दवाखाना मनाशी धरू. महादेवनगरात तळमजल्यावरचा गाळा, एकट्या डॉक्टरीणबाई, एमबीबीएस आणि डीसीएच, बाहेरच्या टेबलावर नंबर लावणाऱ्या एक मावशी. आत्ताचं वर्णन असं आहे, असं समजा: ‘आमच्या क्लिनिकमध्ये सर्व प्रकारच्या आजारांवर खात्रीशीर उपचार केले जातात. अत्याधुनिक सुविधा, अनुभवी डॉक्टर, माफक दर. मांजरी, हडपसर, वाघोली, मुंढवा, केशवनगर, शेवाळेवाडी येथील सर्वोत्तम क्लिनिक. एकदा अवश्य भेट द्या.’

या चार वाक्यांत आईच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. मुलांना पाहतात का? आत्ता उघडं आहे का? फोनवर नंबर लागतो की जाऊन बसायचं? तान्ह्या बाळाला घेऊन तासभर ताटकळावं लागेल का? जिना चढायचा आहे का? सहा गावांची नावं ओवल्याने दवाखाना सहा गावांत दिसू लागत नाही, आणि ‘खात्रीशीर उपचार’ हे शब्द तर कुठल्याही डॉक्टरांनी लिहू नयेत. त्याकडे पुढे येतोच.

त्याऐवजी बाईंनी एका संध्याकाळी मावशींना विचारावं, की फोनवर लोक काय काय विचारतात. मावशींची उत्तरं कागदावर उतरवली की वर्णन जवळजवळ तयार होतं:

‘सोलापूर रस्त्याकडून येताना रेल्वे लाईनच्या अलीकडे, महादेवनगर, मांजरी बुद्रुक. लहान मुलांचा दवाखाना. घरातल्या मोठ्यांनाही तपासतो. डॉक्टर एमबीबीएस, डीसीएच. मुलांचा ताप, खोकला, जुलाब, दमा, लसीकरण, वजन-उंचीची नोंद. मोठ्यांची बीपी आणि शुगरची नेहमीची तपासणी. सकाळी 10 ते 1, संध्याकाळी 6 ते 9.30; रविवारी फक्त सकाळी. नंबर फोनवर लावता येतो. तान्हं बाळ किंवा जास्त ताप असलेलं मूल आलं तर आधी घेतो. दवाखाना तळमजल्यावर आहे, रिक्षा दारापर्यंत येते. मराठी, हिंदी आणि थोडी कन्नड बोलतो. भरती करण्याची सोय इथे नाही. गरज पडली तर चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवतो.’

हे साडेसातशेच्या आत बसतं. यातली मला सगळ्यात मोलाची वाटतात ती शेवटची दोन वाक्यं. काय नाही, हे सांगणारा दवाखाना विरळा. पण ज्या मुलाला झटके येताहेत त्याची आई हे वाचून इथली दहा मिनिटं वाचवते आणि थेट मोठ्या रुग्णालयात जाते. आणि बाकीच्यांना कळतं, की इथे अडवून ठेवत नाहीत. ‘आधी घेतो’ हे वाक्य मात्र खरं असेल तरच लिहावं. एका संध्याकाळी ते खोटं ठरलं, की दुसऱ्या दिवशी अभिप्रायात त्याचा जाहीर हिशोब येतो.

वेळेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडचे दवाखाने दुपारी बंद असतात. एक ते पाच-सहापर्यंत शटर खाली. प्रोफाइल भरताना मात्र घाईत ‘10 ते 9.30’ असं एकच लिहिलं जातं. मग दुपारी तीनला यादी म्हणते ‘उघडं आहे’, माणूस उन्हातून येतो आणि कुलूप पाहून परत जातो. एका दिवशी वेळेचे दोन तुकडे भरण्याची सोय तिथे आहे. ती वापरायलाच हवी. हे फक्त सौजन्यापुरतं नाही. शोध चालू असताना दवाखाना उघडा आहे की बंद, याचा यादीवर परिणाम होतो, असं 2023च्या अखेरीस गूगलकडूनच सांगितलं गेलं होतं. त्यावर काही जणांनी चोवीस तास उघडं असल्याचं भरण्याची युक्ती काढली, तर तसं करू नका असंही गूगलच्या माणसाने बजावलं. रात्री दोनला बंद दारासमोर आजारी माणूस उभा करण्यात कुणाचं भलं आहे?

नावाचंही तसंच. पाटीवर जे आहे तेच प्रोफाइलवर. नावापुढे ‘बेस्ट चाइल्ड स्पेशालिस्ट इन मांजरी’ जोडलं तर नियम मोडतो, आणि पूर्ण प्रोफाइल बंद होऊ शकतं. मांजरीचं स्पेलिंग `Manjri` की `Manjari` याचीही चिंता नको. दोन्ही चालतात आणि शोधयंत्राला दोन्ही कळतात. वर्णनात दोन्ही कोंबू नयेत.

आता पोस्ट. प्रोफाइलच्या मालकाने आपल्या खात्यातून `Add update` दाबलं की फोटोसकट 1500 चिन्हांपर्यंतची नोंद दवाखान्याच्या नावाखाली लावता येते. सहा महिन्यांनी ती मागे पडते. फोनचा नंबर मजकुरात लिहिला तर पोस्ट नाकारली जाऊ शकते. त्यासाठी वेगळं बटण दिलेलं आहे. कधी कधी पोस्टमधलं एखादं वाक्य यादीतच, दवाखान्याच्या नावाखाली उमटतं. कुणी ‘लसीकरण’ शोधलं आणि तुमच्या पोस्टमध्ये लसीकरणाची ओळ असेल, तर यंत्र नेमकी ती ओळ उचलून त्या माणसासमोर ठेवू शकतं. तीन आठवड्यांपूर्वी मावशींनी लिहिलेलं एक साधं वाक्य, योग्य वेळी, योग्य माणसाच्या हातात. मला याचं नवल अजून सरलेलं नाही.

पण लिहायचं काय? इथे डॉक्टरांची पंचाईत होते. दुकानदार, खानावळवाला आपली जाहिरात करू शकतो; डॉक्टर करू शकत नाही. भारतीय वैद्यक परिषदेची 2002ची आचारसंहिता सांगते, की प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं अनैतिक आहे. पाटी अवास्तव मोठी नको, तिच्यावर स्वतःचा फोटो नको. पेशंटचा फोटो किंवा त्याच्या आजाराची हकिकत परवानगीशिवाय छापायची नाही. 2023च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, त्यांत समाजमाध्यमांवरच्या वागण्याचंही प्रकरण होतं. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि 2002चेच पुन्हा लागू झाले. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आपापली वेगळी संहिता आहे. शिवाय 1954चा, औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. मधुमेह, स्थूलपणा, उंची, कोड अशा कितीतरी गोष्टींवर औषधाची जाहिरात करण्यालाच त्यात बंदी आहे. ‘शुगर कायमची घालवा’ अशी पोस्ट म्हणजे सरळ कायद्याशी गाठ.

ही संहिता वाचताना मी एका कलमावर थबकलो. जाहिरातीला बंदी घातल्यावर संहिता सात प्रसंग मोजून देते, ज्यांची जाहीर सूचना डॉक्टर वर्तमानपत्रात देऊ शकतो. दवाखाना सुरू करताना, कामाचं स्वरूप बदलताना, पत्ता बदलताना, काही दिवस गैरहजर राहणार असताना, पुन्हा काम सुरू करताना, दुसऱ्याचा दवाखाना चालवायला घेताना, आणि फी जाहीर करताना. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातली चौकट होती. नकाशावरची पोस्ट तेव्हा नव्हतीच. पण ही यादी पुन्हा वाचा. पत्ता बदलला, डॉक्टर गावाला गेले, डॉक्टर परत आले, फी इतकी. पेशंटला दवाखान्याकडून जे कळायला हवं असतं ते नेमकं हेच! पंधरा वर्षांनी, 2017मध्ये, गूगलने पोस्टची सोय काढली तेव्हा तिच्यात काय लिहावं याचं उत्तर या जुन्या नियमात आधीच लिहून ठेवलेलं होतं. जाहिरात नको, सूचना हवी. आणि नकाशावर सूचनाच जास्त उपयोगी पडते, कारण तिथे आलेला माणूस मन वळवून घ्यायला आलेला नसतो. त्याला फक्त कळायचं असतं.

मांजरीत अशी एक सूचना दरवर्षी लागते. आषाढी वारीत पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या हडपसरला येतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तिथून सासवडकडे वळते. तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने, मांजरी फार्मवरून, लोणी काळभोरच्या मुक्कामाला जाते. त्या दिवशी तो रस्ता वारकऱ्यांचा असतो आणि वाहनांची वाट बदलते. पण मुलांचा ताप काही वारी पाहून येत नाही. आपल्या बाईंनी आदल्या दिवशी एवढंच लावावं:

‘उद्या पालखीमुळे सोलापूर रस्ता वाहनांसाठी बंद राहील. दवाखाना उद्या सकाळी 7 ते 9 आणि रात्री 8 ते 10 उघडा आहे. मांजरी गाव आणि गोपाळपट्टीकडून आतल्या रस्त्याने येता येईल. ज्या बाळांची लस उद्या आहे त्यांना परवा आणलं तरी चालेल.’

सोबत दाराचा फोटो, हसऱ्या मुलाचा विकतचा फोटो नव्हे. पाटी, पायरी, शेजारचं दुकान दिसेल असा, फोनवर काढलेला. अंधारात येणाऱ्या माणसाला तोच उपयोगी पडतो. आणि एक गोष्ट विसरायची नाही: पोस्ट लिहिली तरी वेळ आपोआप बदलत नाही. त्या तारखेची खास वेळ वेगळी भरावी लागते. नाहीतर पोस्ट म्हणते सातला उघडं आणि वरची ओळ म्हणते दहाला, आणि लोक वरच्या ओळीवर विश्वास ठेवतात.

सूचनांखेरीज एक खिडकी संहितेने उघडी ठेवली आहे. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, निरोगी राहणी यांबद्दल डॉक्टर स्वतःच्या नावाने सर्वसामान्यांसाठी लिहू शकतो. स्वतःची टिमकी मात्र वाजवायची नाही. पावसाळ्यात मांजरीत जागोजागी बांधकामं चालू असतात, पाणी साठतं, डेंग्यूचे दिवस येतात. तेव्हा ‘डेंग्यूवर उपचार उपलब्ध’ ही पोस्ट काहीच सांगत नाही. ही सांगते:

‘डेंग्यूमध्ये ताप उतरला की धोका टळला असं समजू नका. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या. तापासाठी डॉक्टरांना न विचारता अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.’

‘आमच्याकडे या’ हे यात कुठेच नाही. उलट, गरज असेल तर दुसरीकडे न्या असं आहे. वाचून एखाद्या घरात तापानंतरच्या रात्री कुणीतरी जागं राहील. आणि पुढच्या वेळी मुलाला साधा खोकला झाला, की त्या घराला कुठला दवाखाना आठवेल, हे सांगायला नको.

किती वेळा लिहावं? दर आठवड्याला काहीतरी टाकायलाच हवं असं मानून लोक ‘गुड मॉर्निंग’ आणि सणांच्या शुभेच्छा लावत बसतात. दिवाळीचा कंदील लावलात तर त्याखाली दवाखाना कुठल्या दिवशी बंद आहे हेही लिहा. नाहीतर तो नुसता कंदील. मला विचाराल तर महिन्यात दोन पुरेत, पण खऱ्या बातमीच्या. मावशींच्या फोनवर एकच प्रश्न तीनदा आला, की ती पुढची पोस्ट. ‘शाळेचा फिटनेस दाखला मिळतो का?’, ‘रविवारी लस देता का?’ असे प्रश्न जूनमध्ये हमखास येतात.

उपयोग होतोय का, हे ओळखायचे दोन मार्ग. प्रोफाइलच्या आत किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला आणि कोणते शब्द शोधून लोक आले, याची मासिक नोंद मिळते. ‘रस्ता’ मागितलेला माणूस बहुतेक निघालेलाच असतो, म्हणून तो आकडा मी आधी पाहीन. दुसरा मार्ग कागदाचा: केसपेपरवर ‘कुठून कळलं?’ असा एक रकाना. मावशींनी तिथे ‘शेजारीण’, ‘फोनवर’, ‘पाटी पाहून’ असं एका शब्दात लिहायचं. तीन महिन्यांनी ते कागद आणि ती नोंद शेजारी ठेवली, की खरं चित्र दिसतं. फोनवर सापडून आलेल्या कुणी ‘तुम्ही लाईनच्या अलीकडे आहात हे वाचलं म्हणून आलो’ असं म्हटलं, तर पहिलं वाक्य कामी आलं. आकडे चांगले आणि रकाने रिकामे असतील, तर लोक पाहून पुढे जाताहेत. तेव्हा वेळ, फोटो आणि अभिप्राय तपासावेत.

अभिप्रायांना उत्तर देताना मात्र एक पथ्य फार कडक. कुणी नाव घालून लिहिलं, की ‘माझ्या मुलाला बरं वाटलं नाही’, तरी उत्तरात त्या मुलाचा आजार, औषध, आलेली तारीख, काहीही लिहायचं नाही. तो पेशंट होता असंसुद्धा म्हणायचं नाही. ‘तुमचं म्हणणं वाचलं, कृपया दवाखान्यात फोन करा’ इतकंच. आतली गोष्ट पेशंट चव्हाट्यावर मांडू शकतो, डॉक्टर नाही.

गाळा बदलला तर नवं प्रोफाइल काढू नये. जुन्यातच पत्ता बदलावा आणि ठिपका नव्या दारावर नेऊन ठेवावा. नाहीतर वर्षानुवर्षांचे अभिप्राय जुन्या बंद शटरवरच राहतात आणि लोकही तिथेच जाऊन उभे राहतात.

यातलं एक काम तुम्हीही करू शकता. तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना आज फोनवर शोधा आणि त्याची दुपारची वेळ पाहा. शटर खाली असताना तिथे ‘उघडं आहे’ असं दिसत असेल, तर संध्याकाळी जाताना डॉक्टरांना किंवा टेबलावरच्या मावशींना तेवढं सांगा.